अंकलचा डबा

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला चांगली बाई समजायला नको. आमच्या ऑफिसातल्या एका सज्जन माणसाचा जीव जाता जाता राहिला, आणि त्याला तिथवर पोचवणाऱ्यांत पहिला नंबर माझा होता. साहेबाचा दुसरा. चहाचा तिसरा. मी हे रागाने लिहितेय आणि राग अजून उतरलेला नाही. उतरूही नये.

वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत आमचं ऑफिस. खाली कारखाना, वर आम्ही सहाजण. माल भरून टेम्पो सुटायचे, त्यांचे कागद आम्ही करायचो. मी बोळिंजहून यायचे, आणि ते सज्जन, आमचे अंकल, गास गावाहून बाइकवर. आम्हाला मुंबईला जावं लागत नाही म्हणून सोसायटीतल्या बायका माझा हेवा करायच्या. "तुमचं काय बाई, घराजवळ नोकरी, आरामात नाश्ता करून निघत असाल!" कसला आराम आणि कसला नाश्ता! पावणेनऊला अंगठा लागला पाहिजे. महिन्यात तीनदा उशीर झाला की अर्धी रजा गेली. मी सहाला उठून तीन डबे भरायचे, सासूबाईंची औषधं काढायचे, मुलीला उठवायचे, आणि चौथ्या माणसाच्या, म्हणजे माझ्या, पोटात काय गेलं हे बघायला घरात कोणालाच वेळ नव्हता. मला तर नव्हताच.

आणि पावणेनऊला काय असायचं? उभी मीटिंग. हे साहेबांनी कुठल्या तरी शिबिरातून शिकून आणलेलं खूळ. बसून मीटिंग केली की माणसं सुस्तावतात म्हणे. म्हणून सगळ्यांनी उभं राहायचं, हातात चहा घ्यायचा आणि आज किती गाड्या सुटणार ते ऐकायचं. चहा गेटवरच्या टपरीचा. पहाटेपासून उकळून उकळून काळा झालेला, वर आलं आणि साखर ठासून. साहेब स्वतः तो प्यायचे नाहीत. ते घरून पोहे-बिहे खाऊन, भिजवलेले बदाम चावत यायचे आणि थर्मासातलं कोमट पाणी प्यायचे. वर आम्हाला म्हणायचे, "घ्या घ्या, कडक चहा घेतला की डोकं चालतं." डोकं चालायचं की नाही माहीत नाही, पोट मात्र पेटायचं.

दहा वाजले की सुरू. एकजण छातीवर मूठ फिरवतोय, एकीला आंबट ढेकर, एकाचं डोकं ठणकतंय. त्यावर उपाय काय, तर अकरा वाजता आणखी एक चहा. जेवण अडीच-तीनला, दुपारची गाडी सुटल्यावर. घरी जायला नऊ. मग स्वयंपाक, भांडी, आणि साडेदहा-अकराला जेवून लगेच आडवं व्हायचं. आडवं झालं की घशाशी कडू-आंबट पाणी. आणि याची लाज नव्हती हो कोणाला! उलट मिरवायचो. "मला तर सात वर्षं आहे." "सात? मला कॉलेजपासून." ज्याला ॲसिडिटी नाही तो कामचुकार, अशी आमच्यात रीतच पडली होती.

माझ्या ड्रॉवरला सगळे दवाखाना म्हणायचे. चघळायच्या गुलाबी गोळ्या, सोड्याच्या पुड्या, बाम, आणि माझ्या पाठदुखीसाठी डॉक्टरांनी दिलेल्या डायक्लोफिनॅकच्या पट्ट्या. डॉक्टरांनी तेव्हा बजावलं होतं, जेवल्यावरच घ्या, पाच दिवसांच्या वर नको. पाच दिवस झाले, पाठ थांबली, पण गोळी चांगली लागू पडते हे कळल्यावर मी तीच चिठ्ठी दाखवून दाखवून पट्ट्या आणत राहिले. कोणाचं डोकं दुखलं, दे गोळी. कोणाची मान धरली, दे गोळी. वर एक गुलाबी चघळायला, म्हणजे पोटाला लागत नाही. हे शास्त्र मला कोणी शिकवलं? कोणी नाही. माझंच. गुलाबी गोळी घटकाभर जळजळ शमवते, पण त्या दुसऱ्या गोळीपासून पोटाचं अस्तर काही वाचवत नाही, हे मला पुढे एका डॉक्टरने सुनावलं. तोवर मी निम्म्या ऑफिसची डॉक्टरीण होऊन बसले होते आणि मला ते आवडत होतं.

आता अंकल. पंचावन्न-छप्पनचे, बारीक, टापटीप, गळ्यात क्रॉस. ऑफिसात आमच्यासारखं बोलायचे, पण घाईत आले की गावचं तोंडात यायचं, पानी, जेवन, कोन. मला 'बाय' म्हणायचे. सख्ख्या भावाने कधी एवढ्या मायेने हाक मारली नाही. मी चिडले की म्हणायचे, "बाय, तुझा राग म्हनजे दूध उतू जानं. गॅस बंद केला की खाली." गावात वाडी होती थोडी. कामावरून गेल्यावर तिथे पाणी सोडायचे, मग आंघोळ, मग जेवायला अकरा.

फक्त अंकलच्याच घरून नाश्त्याचा वेगळा डबा यायचा. आंटी पहाटे उठून करायच्या. तांदळाची गरम भाकरी आणि अंडं, कधी सुक्या जवळ्याची चटणी, कधी नारळ घातलेली गोड पोळी, वाडीतली दोन केळी. नाताळच्या दिवसांत फुगे, म्हणजे तळलेले टम्म गोल गोळे. डबा उघडला की आमच्या मजल्यावर वास सुटायचा. पूर्वी अंकल मीटिंग संपली की खुर्चीत बसून तो डबा खायचे. आम्ही एखादा घास मागायचो, तेवढंच.

गेल्या पावसाळ्यानंतर ते बदललं. अंकलच्या मानेचं दुखणं सुरू झालं, दिवसभर स्क्रीनपुढे वाकून. मी गोळी दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली. मग रोज सकाळी नऊला, चहाबरोबर, मी न मागता त्यांच्या टेबलावर दोन गोळ्या ठेवायला लागले, एक पांढरी, एक गुलाबी. ते हसून म्हणायचे, "देव तुझं भलं करो, बाय." आणि हळूहळू त्यांची भूक गेली. डबा उघडायचे, दोन घास खायचे आणि पोटावर हात ठेवून थांबायचे. "खाल्लं की जास्त दुखतंय गं. नुसता चहा बरा." मग डबा टेबलाच्या मध्ये सरकवायचे. "घ्या रे, संपवा. भरलेला डबा घरी नेला तर बोलनी बसतील."

आम्ही संपवायचो. काय सांगू! गिधाडं बरी. पहिला हात माझा. चार महिने मी त्या माणसाचा नाश्ता खाल्ला आणि बदल्यात त्याला गोळ्या दिल्या. आणि ऐका, माझी जळजळ थांबली. साफ थांबली. मी सगळ्यांना सांगत सुटले की जिऱ्याचं पाणी प्या, बघा मला कसा फरक पडला! अगं बये, जिऱ्याचं पाणी कसलं? सकाळी पोटात अन्न जात होतं तुझ्या. दुसऱ्याच्या बायकोच्या हातचं.

अंकल वाळत चालले होते ते दिसत होतं. जिना चढून आले की दम लागायचा, चेहरा पिवळट. मी म्हटलं, "अंकल, डॉक्टरला दाखवा." ते म्हणाले, "ॲसिडिटीला काय दाखवायचं? तू हाय ना." आणि मी खूश झाले. खोटं कशाला बोलू, खूश झाले.

तो गुरुवार होता. उभी मीटिंग संपत आली होती आणि अंकल कपातला अर्धा चहा टेबलावर ठेवून बाथरूमकडे निघाले. दारापर्यंत पोचलेच नाहीत. कोपऱ्यातल्या बादलीत आणि थोडी लादीवर उलटी झाली. मी धावले. पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं, लादी मीच पुसली. ती उलटी काळपट तपकिरी होती आणि तिच्यात बारीक बारीक कण होते, अगदी चहाच्या चोथ्यासारखे.

आणि आम्ही सहा शिकलेल्या माणसांनी काय निदान केलं? चोथा! टपरीवाल्याने चहा नीट गाळला नाही. गाळणी फाटली असणार. रिकाम्या पोटी चोथा गेला, पोटाने बाहेर टाकला, झालं. मी स्वतः जिना उतरून गेटवर गेले आणि त्या टपरीवाल्याला फैलावर घेतलं. "माणसं मारायचीत का तुम्हाला? गाळणी बदला आधी!" तो बिचारा मला गाळणी उजेडात धरून दाखवत होता. एक धागा सुटलेला नव्हता. म्हणाला, "मॅडम, बघा तरी." मी बघितलं नाही. मी ओरडण्यात दंग होते.

वर आले. अंकलला पंख्याखाली बसवलं होतं. कोणीतरी थंड दूध आणलं, मी गुलाबी गोळी दिली. साहेब केबिनमधून डोकावले. "ॲसिडिटी ना? मलाही व्हायची. थोडं बसू दे त्यांना. दुसऱ्या गाडीचे कागद तेवढे होऊ देत." आणि अंकलनी कागद केले! घाम पुसत पुसत केले. मी शेजारी बसून माझे केले. एकदा विचारलं, "बरं वाटतंय का?" ते म्हणाले, "पोट हलकं झालं जरा." अडीच तास गेले. त्या अडीच तासांचं काय करू मी आता? कुठे नेऊन घालू?

साडेअकराला प्रिंटरकडे जायला म्हणून उभे राहिले आणि जागच्या जागी कोसळले. हात लावला तर बर्फ. नाडी बोटाखाली पळत होती, पण लागत होती न लागल्यासारखी. तेव्हा कुठे मला भीती वाटली. साहेब म्हणाले, "रिक्षा बोलवा." मी म्हटलं, "रिक्षा नाही. तुमची गाडी काढा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात पहिल्यांदा साहेबावर ओरडले, "गाडी काढा म्हणते ना!" काढली.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टर होती. प्रेशर घेतलं, तिचा चेहराच बदलला. दोन्ही हातांना सुया, सलाईन, रक्ताची मागणी, सगळं धावपळीत. तेवढ्यात तिने अंकलना विचारलं, "संडास काळी होत होती का? डांबरासारखी, चिकट?" ते पडल्या पडल्या पुटपुटले, "आठ दिवस." आठ दिवस! लाजेने घरी सांगितलं नाही, ऑफिसात कुठून सांगणार? मग ती माझ्याकडे वळली. "उलटी कशी होती?" मी म्हटलं, "चहाचा चोथा पडला." ती म्हणाली, "चोथा नव्हता तो. रक्त होतं. पोटातल्या आम्लाने रक्त असंच काळं आणि दाणेदार होतं. किती वाजता झाली?" मी म्हटलं, "नऊ." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"पेनकिलर घेत होते का काही?" मी पर्समधून पट्टी काढून दिली. "किती दिवस?" "चार महिने. रोज." "कोणी दिलं?" मी म्हटलं, "मी." तेव्हा तिने मला सुनावलं. उभ्या उभ्या, वॉर्डबॉयसमोर, तिच्या आईच्या वयाच्या बाईला. सुनावलं ते एकूण एक खरं होतं.

तोंडातून नळी घालून आत बघितलं. जठरात अल्सर, आणि त्यातली एक रक्तवाहिनी उघडी पडून वाहत होती. इंजेक्शन देऊन, वर चिमटा लावून ती बंद केली. त्याच नळीतून तुकडा काढला, त्यात अल्सर करणारा जंतूही निघाला. म्हणजे जागा आधीच नाजूक होती. त्यावर माझी गोळी, रिकामं पोट आणि ती काळी कढत धार, रोज नऊ वाजता. तीन बाटल्या रक्त चढलं. रात्रभर काही सांगता येत नाही म्हणाले.

आंटी गासहून आल्या त्या साडीला माती लागलेली तशाच. वाडीतून उठून आलेल्या. मला मिठी मारली आणि म्हणाल्या, "बाय, तू हुतीस म्हनून आनला त्याला. तुझं नाव रोज काढतो घरी." मला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. एरवी घराला, ऑफिसला, टपरीवाल्याला झोडपणारी माझी जीभ तिथे टाळूला चिकटली. त्या जपमाळ घेऊन बाकावर बसल्या आणि मी घरी निघून आले. भित्री कुठली!

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला उभी मीटिंग झाली. हो, झाली. साहेब म्हणाले, "अंकल आता धोक्याबाहेर आहेत. सगळ्यांनी तब्येतीची काळजी घ्या. नाश्ता चुकवू नका." आणि चहाचा ट्रे फिरला! मी म्हटलं, "साहेब, नाश्ता करायचा कधी? तुम्ही खाऊन येता. आम्ही काय खातो? आम्ही या माणसाचा डबा खात होतो." सगळे लादीकडे बघायला लागले. साहेब म्हणाले, "पॉइंट बरोबर आहे." आणि सोमवारपासून त्यांनी नाश्त्याला दहा मिनिटं दिली. कशी? अंगठ्याची वेळ दहा मिनिटं अलीकडे आणून. आता मला सांगा, अशा माणसावर दगड फेकावा की स्वतःच्या डोक्यात घालून घ्यावा? मी त्या दिवशी ड्रॉवर रिकामा केला. दोघांनी गोळ्या मागितल्या, नाही म्हटलं, तर तोंड वाकडं करून गेले. "हिला काय झालं एकाएकी?" गेले खड्ड्यात.

अंकल आठवड्याने घरी गेले. दोन आठवडे जंतूच्या गोळ्या, आम्लाची गोळी सकाळी उपाशीपोटी आणि अर्ध्या तासाने खायचंच असं बजावलेलं, पेनकिलर बंद. रविवारी मी गासला गेले. घरी कोणाला सांगितलं नाही कशाला जातेय ते. रस्ताभर वाक्य जुळवत होते.

अंकल ओट्यावर खुर्चीत बसले होते, खांद्यावर शाल. गालफडं बसलेली, पण डोळे हसरे. "आली माझी डॉक्टरीन," म्हणाले. मला तिथल्या तिथे रडू आलं. आंटींनी आत नेऊन बसवलं आणि मी नको नको म्हणेपर्यंत ताटली पुढे आली. तांदळाची भाकरी, अंडं, केळं. वाफ येत होती. आंटी समोर बसल्या, गुडघ्यावर हात ठेवून, आणि म्हणाल्या, "एक गोष्ट मला कळत नाय, बाय. डॉक्टर म्हनतो उपाशी राहायचा हा. पन मी रोज डबा द्यायची. आनि रोज रिकामा यायचा. धुवायला घ्यायची तेव्हा बघायची ना मी. मग उपाशी कसा?"

ओट्यावर खुर्ची करकरली. अंकल ऐकत होते. मला वाचवायला तरी बोलतील असं वाटलं होतं.

मी म्हटलं, "आंटी, डबा आम्ही खात होतो. चार महिने. त्यांना खाल्ल्यावर दुखायचं, तर ते आम्हाला द्यायचे. सगळ्यात जास्त मी खाल्ला. आणि त्या गोळ्या मीच द्यायचे." एका दमात बोलले. मग वाट बघत बसले. मला वाटलं आता ताटली उचलतील, हाकलतील, निदान शाप तरी देतील. त्यासाठीच तर आले होते मी.

आंटींनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नव्हत्या. काहीतरी हिशेब लागत नसल्यासारखा चेहरा होता.

"तुझ्या घरी करून देनारं कोन नाय?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"मग सांगायचं हुतं गं," त्या म्हणाल्या. "मी दोन डबे दिले असते."

मला त्या घरातून उठताच येईना. शिव्या दिल्या असत्या तर मी खाली मान घालून ऐकल्या असत्या, घरी येऊन रडले असते, आणि महिनाभरात विसरलेही असते. आंटींनी ताटली माझ्याकडे आणखी सरकवली, म्हणाल्या, "खा, निवतंय," आणि अंकलना औषध द्यायला बाहेर गेल्या. मी ती भाकरी खाल्ली. सगळी खाल्ली. कारण भरलेली ताटली तशीच परत गेलेली बघायची वेळ त्या बाईवर आणायची नव्हती.